ब्रिज कसा जुळवावा: रेझिस्टन्स, कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स शून्यावर मोजण्याची पद्धत

फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळून एक कॉइल केली आहे. तिचा इंडक्टन्स १० मिलीहेन्रीच्या आसपास असावा, असा अंदाज आहे. साधा मल्टीमीटर तो दाखवत नाही, आणि स्वस्त एलसीआर मीटरने आकडा दाखवला तरी तो किती खरा हे कळायला मार्ग नाही. चार भुजांचा ब्रिज मात्र काही ठरावीक रेझिस्टर, एक चांगला कपॅसिटर, मोबाइल, छोटा अॅम्प्लिफायर आणि हेडफोन एवढ्यावर ही कॉइल मोजून देतो, आणि आलेला आकडा तपासायची सोयही देतो. कॉइलपर्यंत जायचे तर सुरुवात रेझिस्टन्सपासून करावी, कारण समतोलाची मूळ कल्पना तिथे उघड दिसते.

चार कोपरे आणि एकच अट

कागदावर चौकोन काढा आणि त्याच्या कोपऱ्यांना क्रमाने क, ख, ग, घ अशी नावे द्या. क आणि ग यांच्यात पुरवठा जोडायचा, ख आणि घ यांच्यात शोधक. शोधक म्हणजे दोन बिंदूंत फरक आहे की नाही एवढेच सांगणारे साधन. क-ख भुजेत R1, ख-ग मध्ये R2, क-घ मध्ये R3 आणि घ-ग मध्ये अज्ञात X. पुढच्या तिन्ही ब्रिजमध्ये अज्ञात वस्तू याच घ-ग भुजेत बसेल.

पुरवठ्याचा व्होल्टेज R1 आणि R2 मध्ये विभागला जातो, तसाच तो R3 आणि X मध्येही विभागला जातो. दोन्ही बाजूंची विभागणी सारख्या प्रमाणात झाली की ख आणि घ एकाच व्होल्टेजवर येतात आणि शोधकातून काहीच वाहत नाही.

```
R1 / R2 = R3 / X
X = R2 × R3 / R1
```

समोरासमोरच्या भुजांचा गुणाकार समान, म्हणजेच R1 × X = R2 × R3, असेही हे सूत्र वाचता येते. पुढे कामाला येणार आहे ते हेच रूप. या सूत्रात बॅटरीचा व्होल्टेज नाही, त्यामुळे ती थोडी उतरली तरी उत्तर बदलत नाही. शोधकाचे मोजमापही त्यात नाही, त्याला फक्त शून्य ओळखता आले पाहिजे. मोजणीची अचूकता पूर्णपणे तीन ज्ञात भुजांवर येऊन ठेपते. सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी ही मांडणी १८३३ मध्ये दिली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रचारात आणली आणि मूळ कल्पना ख्रिस्टींची असल्याचे स्वतःच सांगितले, पण नाव व्हीटस्टन यांचेच राहिले. बारावीच्या प्रयोगशाळेतला मीटर ब्रिज म्हणजे हीच मांडणी. तिथे एक मीटर तारेचे दोन तुकडे R1 आणि R2 चे काम करतात आणि जॉकी सरकवून त्यांचे प्रमाण बदलले जाते.

व्हीटस्टन ब्रिज ब्रेडबोर्डवर

R1 आणि R2 म्हणून १ टक्का अचूकतेचे १००० ओमचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, R3 म्हणून डेकेड बॉक्स, म्हणजे नॉब फिरवून हवे तेवढे ओम निवडता येणारी पेटी. डेकेड बॉक्स नसेल तर बहुफेरी ट्रिमर चालेल, पण प्रत्येक समतोलानंतर तो ब्रिजमधून सोडवून मोजावा लागेल. जागेवरच मोजलात तर मीटरला बाकीच्या भुजाही समांतर दिसतात आणि आकडा कमी येतो. पुरवठा ५ व्होल्ट डीसी. शोधक म्हणून मल्टीमीटर २०० मिलीव्होल्टच्या रेंजवर लावा.

चारही भुजा जवळपास सारख्या असताना एका भुजेत १ टक्का फरक पडला, तर शोधकावर पुरवठ्याच्या चौथ्या भागाचा १ टक्का दिसतो. ५ व्होल्टला हे १२.५ मिलीव्होल्ट होतात. मल्टीमीटर ०.१ मिलीव्होल्ट दाखवतो, म्हणजे एक दशसहस्रांश फरकसुद्धा नजरेस येतो. आता मर्यादा R1 आणि R2 यांची आहे, कारण ते दोघे मिळून २ टक्क्यांपर्यंत फसवू शकतात.

ही चूक घालवायचा उपाय साधा आहे. समजा, ४७० ओमचा एक रेझिस्टर मोजताना R3 ४६८.२ ओमवर असताना शून्य मिळाले. आता R1 आणि R2 यांची जागा अदलाबदल करा आणि पुन्हा जुळवा. या वेळी R3 ४७१.८ ओमवर आला. पहिल्या वेळी X = R3 × R2 / R1 होते, दुसऱ्या वेळी प्रमाण उलटले. दोन्ही समीकरणांचा गुणाकार केला की R1 आणि R2 नाहीसेच होतात आणि X म्हणजे दोन वाचनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ उरते, ४७०.० ओम. दोन वाचने इतकी जवळ असतील तर सरळ सरासरी घेतली तरी तेच उत्तर येते. शिवाय R1 आणि R2 मध्ये ०.३८ टक्के फरक आहे हेही आपोआप कळले. अदलाबदल करून मोजण्याची ही सवय पुढे कपॅसिटरच्या ब्रिजलाही लागू पडते.

आता आपल्या कॉइलच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स घेऊ. R2 च्या जागी १०० ओम लावला की R3 चा दहावा भाग म्हणजे X. समतोल २५४ ओमवर आला, म्हणून तारेचा रेझिस्टन्स २५.४ ओम. सुईचा गॅल्व्हानोमीटर वापरत असाल तर आधी बॅटरीची कळ दाबा, प्रवाह स्थिरावू द्या, मग गॅल्व्हानोमीटरची कळ दाबा. उलट क्रम केला तर कॉइलमधला प्रवाह वाढत असताना सुई झटका खाते आणि जुळलेला ब्रिजही न जुळलेला वाटतो. एकदा बॅटरीचे टोक उलटे करूनही वाचन घ्या. दोन धातूंच्या सांध्यावर तापमानामुळे जे सूक्ष्म व्होल्टेज तयार होतात, ते सरासरीत निघून जातात.

एक ओमच्या खाली मात्र हा ब्रिज वापरू नये. तिथे जोडणीच्या तारा आणि ब्रेडबोर्डचे सांधे यांचा रेझिस्टन्स मोजायच्या वस्तूच्या तोडीचा होतो. त्या कामाला चार टोकांची जोडणी असलेला केल्व्हिनचा दुहेरी ब्रिज लागतो.

एसी आला की अटी दोन होतात

कपॅसिटर किंवा कॉइल मोजायला पुरवठा एसी लागतो, आणि भुजेत रेझिस्टन्सऐवजी इम्पिडन्स, म्हणजे Z, येतो. अट तीच राहते, Z1 × Z4 = Z2 × Z3. पण इम्पिडन्सला आकारमानही असते आणि फेज कोनही. ख आणि घ यांचे व्होल्टेज सारख्या उंचीचे असले, पण एक लाट दुसरीच्या मागे असली, तरी शोधक फरक दाखवणारच. म्हणून आकारमान जुळले पाहिजे आणि फेजही जुळली पाहिजे. एकाच समीकरणातून दोन अटी निघतात, आणि त्यासाठी फिरवायला दोन नॉब लागतात. एकच नॉब फिरवून आवाज कमी होतो, पण बंद होत नाही, अशी तक्रार ऐकू आली की दुसरा नॉब नाही किंवा त्याची रेंज पुरत नाही, असे समजावे.

कपॅसिटरमध्ये हे लगेच पटते. R1 आणि R2 साधे रेझिस्टर ठेवा. तिसऱ्या भुजेत माहितीचा कपॅसिटर Cs आणि त्याच्या ओळीत छोटा बदलता रेझिस्टर Rs लावा. चौथ्या भुजेत अज्ञात कपॅसिटर Cx, ज्याचा व्यय, म्हणजे आत वाया जाणारी ऊर्जा, आपण ओळीतला रेझिस्टन्स rx म्हणून धरतो. वास्तव आणि काल्पनिक भाग वेगळे केले की:

```
Cx = Cs × R1 / R2
rx = Rs × R2 / R1
```

इथे एका गोष्टीवर नजर ठेवा. कपॅसिटन्सचे प्रमाण रेझिस्टन्सच्या उलट आहे, कारण कपॅसिटन्स वाढला की इम्पिडन्स कमी होतो. गणितात सर्वाधिक गल्लत इथेच होते.

समजा Cs १०० नॅनोफॅरडचा पॉलीप्रॉपिलीन कपॅसिटर आहे, ज्याचा व्यय नगण्य असतो, आणि २२० नॅनोफॅरड छापलेला पॉलिएस्टर कपॅसिटर मोजायचा आहे. R2 १००० ओम ठेवून R1 बदलत नेला. २१७० ओमवर आवाज सर्वात कमी झाला, पण गेला नाही. मग Rs शून्यापासून वाढवत ८ ओमच्या जवळ नेला आणि आवाज बुडाला. म्हणजे Cx २१७ नॅनोफॅरड आणि rx सुमारे ३.७ ओम. व्यय गुणक म्हणजे ωCsRs, १००० हर्ट्झला ०.००५. इथे ω म्हणजे वारंवारतेची 2π पट, १००० हर्ट्झला ६२८३. पॉलिएस्टरकडून साधारण एवढ्याचीच अपेक्षा असते. Rs शिवाय ही मांडणी केली, तर ती फक्त उत्तम कपॅसिटरवरच शून्यापर्यंत जाते.

कॉइल मोजायची तर मॅक्सवेलचा ब्रिज

कॉइलची तुलना दुसऱ्या माहितीच्या कॉइलशी करता येते, पण ती टाळावी. चांगली प्रमाणित कॉइल मिळणे अवघड असते, ती मोठी असते, तिच्यात स्वतःचा रेझिस्टन्स असतो आणि आसपासच्या चुंबकीय क्षेत्राला ती प्रतिसाद देते. चांगला कपॅसिटर मात्र सहज मिळतो, म्हणून कॉइल कपॅसिटरशीच ताडून बघायची.

अडचण अशी की कॉइलमध्ये व्होल्टेज प्रवाहाच्या पुढे असतो आणि कपॅसिटरमध्ये मागे. शेजारच्या भुजांत त्यांचे जमणार नाही. पण अट समोरासमोरच्या भुजांच्या गुणाकाराची आहे, आणि गुणाकारात फेज कोन मिळवले जातात. म्हणून कपॅसिटर कॉइलच्या अगदी समोर, क-ख भुजेत ठेवला की एकाचा पुढचा कोन दुसऱ्याच्या मागच्या कोनाला पुरता खोडून काढतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये कॉइल आणि कपॅसिटरची ही तुलना मांडली, आणि पुढे माक्स वीन यांनी ती एसीवर आणली.

मांडणी अशी: क-ख मध्ये कपॅसिटर C1 आणि त्याला समांतर रेझिस्टर R1. ख-ग मध्ये R2, क-घ मध्ये R3, दोन्ही साधे रेझिस्टर. घ-ग मध्ये कॉइल.

```
Rx + jωLx = R2 × R3 × (1/R1 + jωC1)

Rx = R2 × R3 / R1
Lx = R2 × R3 × C1
```

दोन्ही उत्तरांत वारंवारता नाही. जनित्राचा सूर थोडा चढा किंवा उतरता असला तरी मोजणीत फरक पडत नाही. कॉइलचा गुणांक Q मात्र वारंवारतेवर अवलंबून असतो, आणि तो ωC1R1 असा थेट मिळतो.

आता भाग निवडू. C1 १० नॅनोफॅरड, १ टक्का अचूकतेचा पॉलीप्रॉपिलीन. R2 १००० ओम. R3 साठी २ किलोओमचा बहुफेरी ट्रिमर. R1 साठी १०० किलोओम आणि १० किलोओमचे दोन पोटेन्शिओमीटर ओळीत, एक ढोबळ जुळवणीला आणि एक बारीक. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत मिळते. कपॅसिटर मात्र मागून घ्या, समोर येईल तो सिरॅमिक उचलू नका, कारण साधारण सिरॅमिकचे मूल्य तापमान आणि व्होल्टेजबरोबर बदलते. या निवडीत R2 × C1 म्हणजे दर ओमला १० मायक्रोहेन्री होतात, त्यामुळे R3 चा आकडा मिळाला की इंडक्टन्स तोंडी सांगता येतो.

पुरवठा म्हणून मोबाइलवर १००० हर्ट्झचा साइन टोन वाजवा आणि हेडफोनच्या जॅकमधून तो क आणि ग ला द्या. शोधक म्हणून बॅटरीवर चालणारा एलएम३८६ चा छोटा अॅम्प्लिफायर आणि हेडफोन. नुसता हेडफोन पुरणार नाही. अर्धा व्होल्ट पुरवठा असताना आपल्या कॉइलवर जेमतेम ३३ मिलीव्होल्ट पडतात, आणि १ टक्का चुकीचा आवाज म्हणजे एक तृतीयांश मिलीव्होल्ट.

मोबाइल आणि अॅम्प्लिफायर दोन्ही बॅटरीवर ठेवण्यामागे कारण आहे. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या सिग्नल जनरेटरचे आणि ऑसिलोस्कोपचे काळे टोक बहुधा आतून अर्थला जोडलेले असते. एक टोक ग ला आणि दुसरे घ ला लावले की दोघे अर्थमधून एक होतात आणि कॉइलची भुजाच शॉर्ट होते. नॉब कितीही फिरवला तरी शून्य येत नाही आणि दोष शोधूनही सापडत नाही. प्लगवरचीच उपकरणे वापरायची असतील, तर जनरेटर आणि ब्रिज यांच्यात १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला.

जुळवणी प्रत्यक्ष

R3 अंदाजाने १००० ओमवर आणि R1 मधोमध ठेवा. मोबाइलचा आवाज आधी कमी असू द्या, समतोल जवळ येईल तसा वाढवत न्या. R3 सावकाश फिरवून आवाज सर्वात कमी कुठे होतो ते शोधा आणि तिथे थांबा. मग R1 फिरवून तो आणखी कमी करा. पुन्हा R3, पुन्हा R1. डीसीमध्ये मल्टीमीटरचे चिन्ह उलटायचे आणि आपण पलीकडे गेलो हे कळायचे. इथे कानाला चिन्ह ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी किमान बिंदूच्या थोडे पलीकडे जाऊन परत यावे लागते.

R3 चे पहिले किमान म्हणजे उत्तर नव्हे, आणि दुसरेही नव्हे. दर फेरीला R3 ची जागा सरकते. हे का होते ते नीट समजून घ्यावे, कारण ब्रिज बिघडला असे समजून लोक इथेच सोडून देतात. ब्रिजमधली चूक कागदावरच्या एका बिंदूसारखी धरा. रेझिस्टन्सची चूक आडवी, इंडक्टन्सची चूक उभी, आणि आपल्याला मध्यबिंदू गाठायचा आहे. R1 फक्त Rx च्या सूत्रात आहे, म्हणून तो बिंदूला सरळ आडवे नेतो. R3 दोन्ही सूत्रांत आहे, म्हणून तो तिरपे नेतो, आणि तो तिरपेपणा कॉइलच्या Q वर ठरतो. आपल्या कॉइलचा Q २.३५ निघणार आहे, म्हणजे R3 ची दिशा आडव्या रेषेशी ६७ अंशांचा कोन करते. अशा वेळी दर पावलाला उरलेल्या चुकीचा साधारण ४० टक्के भाग शिल्लक राहतो. चार पावलांत ती अडीच टक्क्यांवर येते, आठ पावलांत एक हजारांशाच्या खाली.

Q १ असता तर दर पावलाला ७० टक्के उरले असते. Q ०.१ असता तर दोन्ही नॉब जवळपास एकाच दिशेने ओढतात आणि ९९ टक्क्यांहून अधिक चूक तशीच राहते. कान आवाजातला इतका बारीक फरक पकडू शकत नाही, त्यामुळे जुळवणी जणू अडकून बसते. यावर खरा उपाय म्हणजे R3 स्थिर ठेवून C1 बदलता करणे. C1 फक्त Lx च्या सूत्रात आहे, म्हणून तो सरळ उभा नेतो. मग दोन्ही नॉब एकमेकांच्या आड येत नाहीत आणि दोन-तीन पावलांत शून्य मिळते. चांगल्या प्रयोगशाळांत कपॅसिटरचा डेकेड बॉक्स असतो तो याचसाठी. घरी बदलता मोठा कपॅसिटर मिळत नसल्याने R3 वर काम भागवावे लागते, आणि मध्यम Q च्या कॉइलला ते चांगले भागते.

आपल्या कॉइलवर शेवटी R3 ९७२ ओमवर आणि R1 ३७.४३ किलोओमवर शांतता आली. दोन्ही सोडवून मोजले.

```
Lx = 1000 × 972 × 10 nF    = 9.72 mH
Rx = 1000 × 972 / 37430    = 25.97 ohm
Q  = 6283 × 10 nF × 37430  = 2.35
```

डीसीवर हीच कॉइल २५.४ ओम होती. वरचा सुमारे ०.६ ओम हा फेराइटमधला आणि एसीमुळे वाढलेला व्यय आहे. एसीचा आकडा डीसीपेक्षा कमी आला असता, तर मांडणीत चूक आहे हे नक्की होते.

आकडा खरा आहे का

तपासणीचा पहिला प्रयोग माझ्या मते सर्वात बोलका. कॉइलच्या ओळीत १० ओमचा मोजलेला रेझिस्टर घाला आणि पुन्हा जुळवा. R3 जागचा हलता कामा नये, आणि R1 ३७.४३ वरून २७.०२ किलोओमवर यायला हवा. R3 ही सरकला, तर दोनपैकी एक शक्यता: जुळवणी अर्धवट राहिली किंवा R3 च्या भुजेत काहीतरी भलते शिरले आहे.

दुसरा प्रयोग वारंवारतेचा. समतोल न हलवता टोन १५०० हर्ट्झ करा. शांतता जवळपास टिकली पाहिजे. फेराइटचा व्यय वारंवारतेबरोबर वाढतो, म्हणून R1 किंचित हलवावा लागेल, पण R3 खूप हलला तर भटक्या कपॅसिटन्सचा संशय घ्या. को-अॅक्सियल केबलच्या एका मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असतात. R3 च्या १००० ओमला समांतर ते आले तर काही बिघडत नाही. C1 ला समांतर आले तर १० नॅनोफॅरडवर १ टक्का चूक थेट इंडक्टन्समध्ये उतरते. म्हणून क-ख भुजेच्या तारा सर्वात आखूड ठेवायच्या.

टोन बंद केल्यावरही हेडफोनमध्ये घुमणारा आवाज राहिला, तर तो ब्रिजचा नाही. कॉइल जवळच्या अॅडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरकडून ५० हर्ट्झची गुरगुर उचलते आहे. ती लांब न्या किंवा जागेवर फिरवून सर्वात कमी घुमणारी दिशा शोधा. याउलट १००० हर्ट्झचा सूर पूर्ण बुडाला, पण वर बारीक तीव्र सूर राहिला, तर ते गाभ्यातून येणारे हार्मोनिक आहेत. फेराइट किंवा लोखंडी गाभ्याच्या कॉइलचा इंडक्टन्स प्रवाहाबरोबर बदलतो, त्यामुळे तिथे असे होतेच. मोबाइलचा आवाज कमी करा आणि मूळ सुराकडेच कान ठेवा.

Q दहाच्या वर गेला तर

R1 चे सूत्र पुन्हा पाहा. Rx लहान होत गेला तर R1 मोठा होत जातो. R2 आणि R3 दोन्ही १००० ओम असताना १ ओमच्या कॉइलला R1 दहा लाख ओम लागतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टरला समांतर ब्रेडबोर्डची गळती आणि ओलाव्याचे परिणामही मोजणीत येतात, पावसाळ्यात विशेषतः. अशा वेळी C1 आणि R1 समांतरऐवजी ओळीत जोडतात, या मांडणीला Hay ब्रिज, म्हणजे ‘हे’ ब्रिज, म्हणतात. R1 मग लहान आणि हाताळता येण्यासारखा राहतो, पण वारंवारता सूत्रात परत येते.

```
Lx = R2 × R3 × C1 / (1 + 1/Q²)
Q  = 1 / (ω × C1 × R1)
```

Q १० असताना कंसातली दुरुस्ती १ टक्क्याची आहे, Q ३० असताना साधारण एक हजारांश. म्हणजे १ टक्क्याचा कपॅसिटर वापरणाऱ्याने Q दहापेक्षा बराच जास्त असेल तर ती सोडून द्यायला हरकत नाही. Q दहाच्या खाली असेल तर मात्र ‘हे’ ब्रिजच्या वाटेला न जाता मॅक्सवेलवरच राहावे. आपली २.३५ ची कॉइल ‘हे’ ब्रिजवर टाकली आणि दुरुस्ती विसरली, तर इंडक्टन्स १८ टक्के जास्त दिसेल.